प्रकल्प नोंदी: अंतराच्या इंटिग्रलसाठी सिम्पसन की गाऊस

३ जून

आमच्या प्रोग्रॅममधला सर्वांत जास्त वेळा चालणारा भाग एकच आहे: दिलेल्या रेडशिफ्टवरून दीर्घिकेचं सहगामी अंतर काढणं. सपाट विश्व धरलं आणि किरणोत्सर्गाचा वाटा सोडला, तर हे अंतर `c/H0` गुणिले एक इंटिग्रल असतं. ० पासून `Z` पर्यंत `1/E(z)` चं, जिथे `E(z) = sqrt(Om*(1+z)^3 + 1 - Om)` आणि `Om` म्हणजे विश्वातला पदार्थाचा वाटा. फंक्शन अगदी गुळगुळीत आहे. कुठे कोपरा नाही, उडी नाही, थरथर नाही. तरीही आजवर ते सिम्पसनच्या नियमाने, सारख्या अंतरावरच्या हजारभर बिंदूंवर मोजलं जातं.

एका दीर्घिकेसाठी हजार बिंदू म्हणजे काहीच नाही. पण सुपरनोव्हांच्या मोठ्या यादीवर `Om` बसवायला घेतलं की तेच इंटिग्रल लाखो वेळा मोजावं लागतं. शिवाय बसवताना `Om` किंचित हलवून उत्तरातला फरक बघतात. इंटिग्रलच्या शेवटच्या आकड्यांत चूक असेल तर ती त्या फरकात मोठी होऊन दिसते. निरीक्षणांना बारा अंकांची अचूकता कधीच नसते, पण आकडेमोडीकडून ती हवी आहे, आणि कमी बिंदूंत हवी आहे. म्हणून सिम्पसनऐवजी गाऊसची रीत तपासतो आहोत, ज्यात बिंदू सारख्या अंतरावर नसून त्यांच्या जागाही निवडलेल्या असतात.

चाचणीसाठी असं उदाहरण घेतलं ज्याचं नेमकं उत्तर माहीत आहे. `Om = 1` ठेवलं (आइनस्टाइन–डी सिटर विश्व) की आतलं फंक्शन `(1+z)^(-3/2)` उरतं आणि उत्तर `2*(1 - 1/sqrt(1+Z))` येतं. `Z = 3` घेतलं तर ते बरोबर १. `H0` ७० धरल्यास अंतर सुमारे ४२८३ मेगापार्सेक. यापुढे ‘चूक’ म्हणजे १ पासूनचा फरक.

४ जून

प्रोग्रॅम बदलण्याआधी थोडे बिंदू घेऊन कॅल्क्युलेटरवर हिशोब केला. तीन बिंदूंवर सिम्पसन १.०६८४६ देतो. गाऊसचे तीन बिंदू ०.९९४६० देतात. दोन्हीकडे फंक्शन तीनदाच मोजलं, पण पहिल्यात चूक जवळपास ७ टक्के आहे आणि दुसऱ्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

पाच बिंदूंवर दरी रुंदावते. सिम्पसन १.०१०३८ देतो. त्याच पाच बिंदूंतून चौथ्या घाताची बहुपदी नेणारा बूलचा नियम १.००६५१ देतो. गाऊस ०.९९९९१२७ देतो, म्हणजे चूक ०.००००८७. सिम्पसनच्या चुकीच्या शंभराव्या भागाहूनही कमी.

सिम्पसनला नऊ बिंदू दिले तरी तो १.००१०६ वरच येतो. गाऊसच्या चार बिंदूंची चूक (०.०००७०) याहून कमी आहे.

सिम्पसनची चूक लागोपाठच्या बिंदूंमधल्या अंतराच्या, म्हणजे `h` च्या, चौथ्या घाताने घटते. या फंक्शनसाठी ती साधारण `0.073*h^4` आहे. ती दहाच्या उणे बाराव्या घाताइतकी आणायची तर `h` सुमारे ०.००१९ हवा, म्हणजे १५६० च्या आसपास बिंदू. गाऊसला किती लागतील याचा अंदाज पुढे केला आहे.

६ जून

सरांनी विचारलं, “बिंदूंची जागा बदलली एवढंच ना? मग एवढा फरक कशाने?” उत्तर नीट लिहून ठेवतो.

`n` बिंदू आधीच ठरलेले असतील, तर आपल्या हातात फक्त `n` भार उरतात, म्हणजे प्रत्येक बिंदूवरच्या किमतीला गुणायचे आकडे. एवढ्यावर `n-1` घातापर्यंतच्या बहुपदींचं इंटिग्रल बिनचूक करता येतं. (बिंदू मध्याभोवती सममित आणि विषम संख्येने असतील तर एक घात फुकट मिळतो.) बिंदूही आपणच निवडले तर हातात `2n` गोष्टी येतात, आणि `2n-1` घातापर्यंत बिनचूकपणा मिळेल अशी आशा धरता येते. ही आशा पुरी होते, आणि तिची सिद्धता चार ओळींची आहे.

बिंदू म्हणून `n` घाताच्या लजान्द्र बहुपदीची मुळं घ्या. `2n-1` घाताच्या कोणत्याही बहुपदीला या लजान्द्र बहुपदीने भागा. भागाकार जास्तीत जास्त `n-1` घाताचा असतो. लजान्द्र बहुपदी आपल्याहून कमी घाताच्या प्रत्येक बहुपदीला लंब असते, म्हणून दोघांच्या गुणाकाराचं इंटिग्रल शून्य. निवडलेल्या बिंदूंवर लजान्द्र बहुपदी स्वतःच शून्य असल्याने आपल्या बेरजेतही तो भाग शून्यच. उरते बाकी, आणि ती `n-1` घाताच्या आत असल्याने भार तिला आधीपासून बिनचूक हाताळतात. म्हणजे बिंदू असे निवडले आहेत की वरच्या सगळ्या घातांची चूक त्यांना दिसतच नाही आणि इंटिग्रललाही दिसत नाही.

गाऊसने हे १८१४ साली ग्योटिंगेनला मांडलं, तेव्हा लंबतेचा हा मार्ग त्याच्याकडे नव्हता. तो सतत अपूर्णांकांमधून गेला होता. लंबतेची सोपी वाट याकोबीने १८२६ मध्ये दाखवली. गाऊसने सात बिंदूंपर्यंतची कोष्टकं सोळा अंकांपर्यंत हाताने काढली आणि त्यांची परीक्षा `1/log x` च्या १००००० ते २००००० या इंटिग्रलवर घेतली. हे इंटिग्रल त्या टप्प्यातल्या अविभाज्य संख्या किती याचा अंदाज देतं. साध्या खेळण्यातल्या उदाहरणाऐवजी त्याने स्वतःला खरोखर हवं असलेलं इंटिग्रल घेतलं, याचा मला फार आदर वाटतो.

९ जून

आता कोष्टकं टंकायची गरज नाही. गोलूब आणि वेल्श यांनी १९६९ मध्ये दाखवलेल्या रीतीने बिंदू आणि भार दोन्ही एका सममित त्रिकर्णी मॅट्रिक्समधून निघतात. आयगेनमूल्यं म्हणजे बिंदू. प्रत्येक आयगेनव्हेक्टरच्या पहिल्या घटकाचा वर्ग दुप्पट केला की भार.

```python
import numpy as np

def gauss(n):
    k = np.arange(1, n)
    b = k / np.sqrt(4.0*k*k - 1)
    t, V = np.linalg.eigh(np.diag(b, 1) + np.diag(b, -1))
    return t, 2*V[0]**2

def integral(f, a, b, n):
    t, w = gauss(n)
    x = 0.5*(b - a)*t + 0.5*(a + b)
    return 0.5*(b - a)*np.sum(w*f(x))
```

`np.polynomial.legendre.leggauss` हेच काम करतं आणि कायमस्वरूपी कोडमध्ये तेच ठेवलं आहे. वरचा तुकडा नोंदीत आहे तो आत काय चालतं हे दिसावं म्हणून. बिंदू प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच काढून ठेवायचे. प्रत्येक इंटिग्रलला नव्याने आयगेनमूल्यं काढली तर मिळवलेला वेळ तिथेच जाईल.

१२ जून

बैठकीत एक सूचना आली: सारखे बिंदूच ठेवू, फक्त घात वाढवू. नऊ बिंदूंतून आठव्या घाताची बहुपदी नेऊ, एकवीस बिंदूंतून विसाव्या घाताची. हेच न्यूटन–कोट्स नियम. रॉजर कोट्सने अकरा बिंदूंपर्यंतचे भार काढून ठेवले होते आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १७२२ मध्ये छापले गेले.

नऊ बिंदूंचा नियम आपल्या उदाहरणावर लावला तर उत्तर १.०००१३ येतं. सिम्पसनपेक्षा ते आठपट चांगलं आहे, हे मान्य. पण हा नियम नवव्या घातापर्यंत बिनचूक आहे, आणि गाऊसचा पाच बिंदूंचा नियमही नवव्या घातापर्यंतच बिनचूक आहे. बिनचूकपणा सारखा असूनही गाऊसची चूक कमी येते, आणि तीही जवळपास अर्ध्या बिंदूंत.

खरा धोका भारांमध्ये आहे. नऊ बिंदूंच्या नियमात तीन भार ऋण येतात. भारांची बेरीज अंतराच्या लांबीइतकीच राहते, पण चिन्हं काढून बेरीज केली तर ती लांबीच्या १.४५ पट होते. अकरा बिंदूंवर ३.०६ पट. पुढे ही वाढ प्रत्येक वाढीव बिंदूमागे साधारण दुपटीकडे जाते. फंक्शनच्या किमतींत शेवटच्या अंकाची जी चूक असते तीही त्याच पटीने वाढून उत्तरात येते. पन्नास-साठ बिंदूंपर्यंत गेलं तर दुहेरी अचूकतेचे सगळे अंक यातच संपतात.

आणि काही गुळगुळीत फंक्शनांवर, आकडेमोड अगदी परिपूर्ण असली तरी, उत्तर दूर पळतं. ‑१ ते १ मधलं `1/(1+25x^2)` हे रुंगने १९०१ मध्ये दाखवलेलं उदाहरण. वास्तव रेषेवर ते निर्दोष दिसतं, तरी सारख्या बिंदूंचा घात वाढवला की न्यूटन–कोट्सची उत्तरं उधळतात. गाऊसचे सगळे भार धन असतात, म्हणून कोणत्याही संतत फंक्शनवर त्याची उत्तरं खऱ्या किमतीकडे जाणारच. सूचना नोंदवून बाजूला ठेवली.

१५ जून

आज मला या प्रकल्पातली सर्वांत आवडलेली गोष्ट जमली. गाऊसला किती बिंदू लागतील हे मोजणी न करता आधीच सांगता येतं.

फंक्शन किती ‘गुळगुळीत’ आहे हे वास्तव रेषेवर बघून कळत नाही. ते संमिश्र प्रतलात कुठे बिघडतं ते बघावं लागतं. आपलं अंतर ‑१ ते १ असं बसवायचं, ‑१ आणि १ या नाभी धरून लंबवर्तुळं काढायची, आणि बिघाडाच्या बिंदूतून जाणारं लंबवर्तुळ पकडायचं. त्याच्या अर्ध्या मोठ्या आणि अर्ध्या छोट्या अक्षाची बेरीज म्हणजे ρ. गाऊसची चूक प्रत्येक वाढीव बिंदूमागे साधारण ρ च्या वर्गाने भागली जाते.

आपल्या चाचणीत बिघाड `z = -1` वर आहे. ० ते ३ हे अंतर ‑१ ते १ मध्ये बसवलं की तो ‑५/३ वर जातो. अक्ष ५/३ आणि ४/३ येतात, बेरीज बरोबर ३. म्हणजे प्रत्येक बिंदूमागे चूक नऊपट कमी व्हायला हवी.

मोजलेल्या चुका अशा: दोन बिंदूंवर ०.०३८९, तीनवर ०.००५४०, चारवर ०.०००७०, पाचवर ०.००००८७. गुणोत्तरं ७.२, ७.७, ८.०. नऊच्या खाली, पण चढती. हा कमीपणाही समजतो. `-3/2` घाताच्या बिघाडामुळे चुकीत `n` चं वर्गमूळ जादा येतं, म्हणून चार ते पाचचं गुणोत्तर ९ गुणिले √(४/५), म्हणजे ८.०५ असायला हवं. दोन ते तीनसाठी हिशोब ७.३५ देतो, तीन ते चारसाठी ७.७९. मोजलेले आकडे त्यांना बिलगून आहेत.

याच हिशोबाने चौदा बिंदूंवर चूक दहाच्या उणे बाराव्या घाताखाली जाते. सिम्पसनला तिथे १५६० लागतात.

खऱ्या विश्वासाठी, `Om = 0.3` धरून, बिघाड `E(z)` शून्य होतो तिथे आहेत. सर्वांत जवळचे दोन `-0.337 ± 1.149i` वर येतात. `Z = 2` पर्यंतच्या अंतराला ρ सुमारे ३.५, म्हणजे प्रत्येक बिंदूमागे चूक बारापट कमी. सुपरनोव्हांच्या यादीसाठी सोळा बिंदू कायम केले.

२० जून

सोळा बिंदूंचा नियम सगळीकडे चालेल असं कोणी समजू नये म्हणून ही नोंद.

वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीचं अंतर काढायचं तर `Z` १०९० च्या आसपास जातो. ० ते १०९० हे अंतर ‑१ ते १ मध्ये आवळलं की `-0.337 ± 1.149i` हे बिंदू ‑१ च्या टोकाला जवळपास चिकटतात. ρ १.०५ वर येतो आणि प्रत्येक बिंदूमागे चूक फक्त १.११ पट कमी होते. बारा अंकांसाठी २६० च्या आसपास बिंदू लागतील. सोळांमध्ये तर दोन अंकही धड हाती लागत नाहीत. कारण आलेखावर दिसतं: फंक्शनचं सगळं वजन `z` च्या पहिल्या काही एककांत आहे आणि पुढे लांबलचक शेपूट.

इथे अजून बिंदू घालण्यापेक्षा चल बदलावा. `u = ln(1+z)` घेतलं की अंतर ० ते ६.९९५ होतं आणि आतलं फंक्शन `exp(u)/E` होतं. चाचणीच्या विश्वात ते `exp(-u/2)` इतकं साधं होतं, त्याला संमिश्र प्रतलात कुठेही बिघाड नाही. `Om = 0.3` साठी जवळचे बिघाड `0.28 ± 1.05i` वर येतात. हे नव्या, आखूड अंतरापासून चांगले दूर आहेत. ρ १.६४ येतो, प्रत्येक बिंदूमागे चूक २.७ पट कमी, आणि बारा अंकांसाठी २८ च्या आसपास बिंदू पुरतात. किरणोत्सर्ग धरला तर `E` मध्ये एक पद वाढतं, पण त्याने येणारा नवा बिघाड या दोघांपेक्षा दूर राहतो.

म्हणजे गाऊस निवडून काम संपत नाही. बिंदू कोणत्या चलात ठेवायचे, यावर २६० आणि २८ मधला फरक ठरला.

२४ जून

एका सहकारी ताईंनी जुना आक्षेप आणला: “सिम्पसन इतका वाईट कसा? मी पायवर तपासलाय.” त्यांचं उदाहरण खरं आहे. ० ते १ मधलं `4/(1+x^2)` पाच बिंदूंवर सिम्पसनने मोजलं तर ३.१४१५६९ येतं, चूक ०.००००२४. याच बिंदूंवर वरच्या घाताचा बूलचा नियम ३.१४२११८ देतो, म्हणजे वीसपट वाईट.

पण ही चाचणी सिम्पसनची बाजू घेणारी आहे. सिम्पसनच्या चुकीचं पहिलं पद `h^4/180` गुणिले दोन टोकांच्या तिसऱ्या विकलनांतला फरक असतं. या फंक्शनचं तिसरं विकलन ० वरही शून्य आहे आणि १ वरही शून्य. मुख्य चूक आपोआप गळून पडते. वरची मर्यादा १ ऐवजी ०.९ केली की हा लाभ जातो. पुढच्या सगळ्या चाचण्यांतून हे फंक्शन काढून टाकलं.

यातून महत्त्वाची गोष्ट हाती येते. सारख्या बिंदूंच्या नियमांची चूक आत कुठे नसून टोकांवर असते. टोकंच नसली तर? आमच्या प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे पूर्ण वर्तुळावरची सरासरी घेतली जाते, ० ते ३६० अंश. तिथे फंक्शन आणि त्याची सगळी विकलनं दोन्ही टोकांना सारखी असतात, म्हणून साध्या ट्रॅपिझॉइडल नियमाच्या चुकीतली `h` च्या घातांची सगळी पदं एकामागून एक शून्य होतात.

नमुना म्हणून `exp(cos θ)` ची वर्तुळावरची सरासरी घेतली. खरं उत्तर १.२६६०६५८८. चार सारख्या बिंदूंची साधी सरासरी १.२७१५४ देते. आठ बिंदूंची १.२६६०६६०८, म्हणजे सात अंक जवळपास बरोबर. बिंदू दुप्पट केले आणि चूक ०.००५५ वरून ०.००००००२ वर गेली. भार सगळे सारखे, कोष्टक नको, आयगेनमूल्यं नकोत. इथे गाऊस लावला तर तो टोकांजवळ बिंदू दाट करतो, आणि ज्या टोकांना इथे काही अर्थच नाही तिथे ते वाया जातात. वर्तुळाच्या सरासरीला हात लावायचा नाही असं ठरलं.

२७ जून

उरलेला भाग चुकीच्या अंदाजाचा. सिम्पसनमध्ये बिंदू दुप्पट करताना आधीचे सगळे परत वापरता येतात. गाऊसमध्ये पाचवरून सहावर गेलं तर एकही बिंदू सामायिक राहत नाही. क्रोनरोडने १९६० च्या दशकात यावर उपाय दिला: गाऊसचे सात बिंदू तसेच ठेवून आठ नवे घालायचे आणि दोन उत्तरांतला फरक चुकीचा अंदाज म्हणून घ्यायचा. SciPy मधलं `quad` सान्त अंतरावर याच घराण्यातला २१ बिंदूंचा नियम वापरतं. आम्ही तपासणीसाठी `quad` ठेवलं आणि रोजच्या कामाला ठरलेल्या बिंदूंचा गाऊस, कारण बिघाड कुठे आहेत ते आम्हाला माहीत आहे.

एक जागा मात्र वेगळी निघाली. प्रोग्रॅमच्या एका पर्यायात कृष्ण ऊर्जेची घनता कोष्टकातून येते आणि दोन नोंदींमध्ये सरळ रेषेने भरली जाते. तिथे प्रत्येक नोंदीवर फंक्शनला कोपरा आहे. ८, १२, १६ आणि २४ बिंदूंवर उत्तरं काढली. गुळगुळीत विश्वात लागोपाठच्या उत्तरांतला फरक दर वेळी अनेकपट घटत शेवटच्या अंकांत विरून जातो. इथे तो सुरुवातीला घटला आणि मग रेंगाळला, चिन्हही मागेपुढे होऊ लागलं. कोपऱ्याची ही ओळख पक्की आहे: लॉगरिदमी आलेखावर चुकीची सरळ उतरती रेषा मध्येच वाकून आडवी व्हायला लागते. अशा फंक्शनवर चूक फक्त बिंदूंच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, आणि तिथे गाऊसचा सिम्पसनवर विशेष वरचढपणा उरत नाही.

दोन वाटा होत्या. कोष्टक क्यूबिक स्प्लाइनने भरणं, किंवा अंतर नोंदींवर तोडून प्रत्येक तुकड्यावर चार बिंदूंचा गाऊस लावणं. स्प्लाइनमध्ये कोपरा जातो, पण तिसऱ्या विकलनात उडी राहतेच, त्यामुळे रेषा थोडी खाली जाऊन पुन्हा वाकते. तोडण्याची वाट घेतली. प्रत्येक तुकड्याच्या आत फंक्शन पुन्हा गुळगुळीत असतं. तुकडे `u` मध्ये पाडायचे आहेत आणि शेवटची नोंद `Z` च्या पुढे असेल तर शेवटचा तुकडा `Z` वर कापायचा आहे. ते उद्या कोडमध्ये घालतो.